कूलरची घरघर आणि बाबांची सबटायटल्स

नागपुरात मे महिन्यात हॉलमधला कूलर लावला की टीव्हीचं बोलणं आम्हालाच धड ऐकू येत नाही. बाबांच्या कानाला तर मशीन आहे, आणि ते कूलरची घरघरही मोठी करून ऐकवतं. आवाज कितीही वाढवला तरी "काय म्हणते तो?" सुरूच. आई वैतागून म्हणायची, "अवो, शेजारचे येतील आता!"

शेवटी एका रविवारी मी सबटायटल्सच्या मागे लागलो. आमचा टीव्ही गूगल टीव्हीवाला. Settings, System, Accessibility, त्यात Captions. तिथं चालू केलं, अक्षर मोठं केलं आणि ऐटीत नेटफ्लिक्स लावलं. अक्षरं होती तेवढीच बारीक! टीव्हीतली ही सेटिंग नेटफ्लिक्स मानतच नाही. त्याची वेगळी असते, आणि ती ब्राउझरमधून खात्यात जाऊन बदलता येते: Profiles, मग Subtitle appearance. लॅपटॉपवर तेही केलं. तरी फरक शून्य. अर्धा तास डोकं खाजवल्यावर कळलं की मी माझ्या प्रोफाइलमध्ये बदललं होतं आणि बाबा बघतात आईच्या. प्रत्येक प्रोफाइलची सेटिंग वेगळी. आईच्या प्रोफाइलमध्ये बदललं, टीव्हीवरचं ॲप बंद करून उघडलं, तेव्हा कुठं अक्षरं वाढली.

आता रंग. मी हौसेनं Large आणि पिवळा निवडला. बाबा त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसले, म्हणजे टीव्हीपासून दहाएक फुटांवर. पाच मिनिटांत म्हणाले, "अरे, माणसाचं तोंडच झाकते हे." ओठ बघून ते निम्मं समजून घेतात, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. Medium केलं, तर पांढऱ्या कुर्त्यावर पिवळं अक्षर विरघळून जायला लागलं. खरी गोम आकारात नव्हतीच. अक्षरांमागे काळी पट्टी टाकली आणि Medium पुरलं. पिवळा मात्र बाबांनी काढायला लावला. "पाटीवर असते तसं पांढरं ठेव."

एक गोष्ट राहिलीच होती. हिंदीत डब केलेली मालिका लावली, तर पात्र एक बोलायचं आणि खाली हिंदीतच दुसरं लिहून यायचं, कारण डबिंगचं भाषांतर वेगळं आणि सबटायटल्सचं वेगळं. ज्याला काहीच ऐकू येत नाही त्याला चालेल, पण बाबांना अर्धवट येतं, त्यामुळे ते जास्तच गोंधळायचे. आता आवाज आणि अक्षरं दोन्ही मूळ भाषेतली ठेवतो. यादीत भाषेपुढे CC दिसलं तर तेच घेतो. त्यात दार वाजलं, मागून कोणी हाक मारली, हेही लिहिलेलं असतं.

यूट्यूबवरच्या काही जुन्या सिनेमांपुढे मात्र हात टेकले. CC बंद केलं तरी त्यांची अक्षरं जात नाहीत, कारण ती चित्रातच छापलेली असतात. असा सिनेमा लागला की बाबा खुर्ची पुढे ओढतात, आणि आई कूलर एक नंबरवर आणते.