गाठ आणि दिलासा

आज जळगावला डॉक्टरांनी मानेवरची वाटाण्याएवढी गाठ तपासून ती साधीच असल्याचे तिसऱ्यांदा सांगितले, पण तो दिलासा भुसावळला घरी पोहोचेपर्यंतही टिकला नाही. गाडीतच मोबाइलवर पुन्हा तीच लक्षणे शोधली. घरी आरशासमोर गाठ इतक्या वेळा दाबली की ती दुखू लागली आणि ते दुखणेच मला नवे लक्षण वाटले. समुपदेशक ताईंनी समजावले होते की प्रत्येक खात्रीने भीती थोडा वेळ उतरते, म्हणूनच मन पुढच्या वेळीही खात्रीच मागते. त्यांच्या सांगण्यानुसार संध्याकाळी हात मानेकडे जाताच वेळ लिहून ठेवली आणि अर्धा तास थांबलो. पहिली दहा मिनिटे फार कठीण गेली. बायको कळण्याच्या भाकरी थापत होती; गाठ साधीच आहे ना, असे मी विचारले तरी तिने उत्तर दिले नाही, कारण तसे आमचे ठरले होते.