कर्ज फिटलं, बोजा तसाच

मालमत्तेची कागदपत्रं तपासून देणं हे माझं रोजचं काम. त्या दिवशी आलेलं जोडपं तर नुसतं 'एकदा नजर टाका' म्हणून आलं होतं. घर पसंत होतं, किमतीचा दहावा हिस्सा विसार म्हणून दिलेला होता, आणि विकणाऱ्याकडून मिळालेलं बँकेचं पत्रही त्यांनी सोबत आणलं होतं: गृहकर्ज पूर्ण फिटलं, बाकी शून्य.

"उताऱ्यावर बोजा दिसतोय, पण तो जुना आहे, काढायचा राहिलाय एवढंच," नवरा म्हणाला. विकणाऱ्याने त्यांना तसंच सांगितलं होतं. असं होतंही खरं. हप्ते संपल्यावर लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि बोजा कमी करून घ्यायला पुन्हा कुणी फिरकत नाही.

मला खटकलं ते वेगळंच. फाइलमध्ये जुन्या खरेदीखताची फक्त झेरॉक्स होती, आणि तिच्या कोपऱ्यात 'मूळ प्रत बँकेकडे' असा शिक्का होता. कर्ज फिटलं की बँक मूळ कागद परत करते. मग ते कुठे आहेत? विकणारा फोनवर म्हणाला, "देतील हो, आणायला वेळच झाला नाही."

मी गहाणखताची नक्कल मागवली. ती सहसा कुणी वाचत नाही, कारण पहिली दोन पानं सगळ्यांची सारखीच असतात. चौथ्या पानावर ते वाक्य सापडलं: हे तारण सदर कर्जासाठी, तसेच कर्जदाराने बँकेला कर्जदार अथवा जामीनदार या नात्याने देणे असलेल्या इतर सर्व रकमांसाठी राहील. पत्रातला कर्ज खाते क्रमांक गृहकर्जाचाच होता, म्हणजे पत्र खोटं नव्हतं. पण ते एका खात्यापुरतं बोलत होतं आणि बोजा सगळ्या खात्यांचा होता. बँकेत लेखी विचारल्यावर कळलं की विकणारा भावाच्या धंद्याच्या कर्जाला जामीन राहिला होता आणि ते कर्ज थकलं होतं. लबाडी म्हणावी, तर मला वाटतं त्याने स्वतःही ते पान वाचलेलं नसावं.

"पण देणं त्यांचं आहे ना? आम्ही कशाला भरायचं?" बायकोने विचारलं. हा प्रश्न सगळेच विचारतात. देणं माणसाचं असतं, पण बोजा मालमत्तेवर बसलेला असतो. घर विकलं की नोंदलेला बोजा घराबरोबर जातो. कर्जाशी नव्या मालकाचा काही संबंध नसला तरी वसुलीसाठी बँक त्याच घराकडे येते. नोंद उघड असताना 'आम्हाला माहीत नव्हतं' हे सहसा कुणी ऐकून घेत नाही.

व्यवहार मोडावा का? मी नको म्हणाले, कारण आकडा आवाक्यात होता. घराची किंमत 100 धरली, तर थकबाकी 31 होती. ती किमतीहून जास्त असती, तर विसार मागा आणि बाजूला व्हा, असंच मी सांगितलं असतं. विकणाऱ्याचं म्हणणं होतं, "उरलेले 90 मला द्या, मी बँकेत भरतो." ते मी होऊ दिलं नाही. पैसे एकदा त्याच्या खात्यात गेले की ते बँकेत पोचतील याची हमी फक्त त्याचा शब्द. म्हणून करारात दुरुस्ती केली: 31 थेट बँकेच्या नावे, 59 विकणाऱ्याला, आणि दुसरा धनादेश हातात पडणार तो बँकेने बोजामुक्तीच्या दस्तावर सही केल्यावर.

तरीही एकदा अडलंच. बँकेने दिलेला फेडीचा आकडा ठरावीक तारखेपर्यंतचा होता आणि पुढे रोजचं व्याज चढणार होतं. नोंदणीची तारीख पाच दिवसांनी पुढे गेली, पण धनादेश जुन्याच आकड्याचा राहिला. फरक किरकोळ, पण बँकेचा अधिकारी सही करेना, आणि बरोबरच होतं त्याचं. पाच दिवसांचं व्याज भरून विकणाऱ्याने पावती आणेपर्यंत आम्ही सगळे तिथेच बाकावर बसून होतो.

सही झाली. मूळ खरेदीखत टाचणीच्या गंजाच्या डागांसकट बाहेर आलं. बोजामुक्तीचा दस्त त्याच दिवशी नोंदवला.

काही दिवसांनी नवऱ्याचा घाबरून फोन आला, "मॅडम, नव्या उताऱ्यावर बोजा अजून दिसतोय!" मी त्याला तीन ओळी खाली वाचायला सांगितलं. जुनी नोंद खोडली जात नाही, तिच्या खाली ती रद्द झाल्याची नोंद येते. त्याने दस्त क्रमांक मोठ्याने वाचला, मी माझ्या प्रतीवरून ताडून पाहिला. जुळला.