एका बबलनं आठही ओळी चुकवल्या

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना तापामुळे माझा डिजिटलचा एक ऑनलाइन तास बुडला. संध्याकाळी मैत्रिणीनं व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली लिहिलं, "ह्याचं बूलियन एक्स्प्रेशन आणि ट्रुथ टेबल उद्या वहीत हवंय." चित्रात डावीकडे A, B, C अशी तीन इनपुट होती, उजवीकडे X आणि Y अशी दोन आउटपुट आणि मध्ये नऊ गेट. वरचं शीर्षक कापलं गेलं होतं, त्यामुळे हे सर्किट नेमकं कशाचं आहे ते कळायला काहीच मार्ग नव्हता.

मी सगळ्यात आधी फोन बाजूला ठेवून चित्र कागदावर उतरवलं. झूम करून बघताना एका वेळी चित्राचा एकच तुकडा दिसतो आणि वायर कुठून निघाली ते हातातून सुटतं. कागदावर उतरवताना प्रत्येक गेटच्या आउटपुटला एकेक अक्षर दिलं: P, Q, R, D, E, F, G आणि शेवटचे दोन X, Y. एक्स्प्रेशनला अजून हातही लावला नव्हता. कुठल्या गेटमध्ये कुठल्या दोन वायर जातात, एवढीच यादी करायची होती.

पहिली अडचण आली ती वायरींच्या छेदांची. दोन रेषा एकमेकींना छेदतात तिथे भरीव ठिपका असेल तर त्या जोडलेल्या असतात, नसेल तर एक दुसरीवरून नुसती पुढे जाते. पण व्हॉट्सअ‍ॅपनं चित्र दाबून लहान केलं की प्रत्येक छेदावर करडा डाग पडतो आणि तो ठिपक्यासारखाच दिसतो. P ची वायर सर्किटच्या तळाशी असलेल्या शेवटच्या गेटकडे जाताना B च्या वायरीला छेदत होती. तिथला डाग मी ठिपका समजले आणि P व B जोडून टाकले.

ही चूक मात्र यादीनंच पकडून दिली. एका वायरीला सिग्नल देणारं एकच ठिकाण असायला हवं, एक तर बाहेरचं इनपुट किंवा एखाद्या गेटचं आउटपुट. त्या वायरीवरून सिग्नल घेणारी गेट कितीही असू शकतात, देणारं मात्र एकच. P आणि B जोडले तर एकाच वायरीवर पहिल्या गेटचं आउटपुट आणि B चं इनपुट असे दोन मालक झाले. एक म्हणणार ०, दुसरा म्हणणार १, मग वायरीवर काय मानायचं? म्हणजे तो डाग ठिपका नव्हता. अशीच तपासणी उलट बाजूनंही होते. एखाद्या वायरीला मालकच सापडत नसेल, तर खरा ठिपका आपल्या नजरेतून सुटलेला असतो. मी सगळ्या वायरी अशा तपासल्या आणि छेदांचा प्रश्न मिटला.

दुसरी अडचण मला तेव्हा अडचण वाटलीच नाही. आठ गेटच्या टोकाला बारीक गोल, म्हणजे बबल, दिसत होता. ती नॅन्ड. पहिल्या गेटच्या टोकावर नेमका सरांच्या माउसचा बाण येऊन थांबला होता. तिथे बबल दिसला नाही म्हणून मी अँड गेट लिहिलं आणि पुढे सरकले.

मग एक्स्प्रेशन काढायला बसले. वहीत आपण पदावर आडवी रेघ काढतो, इथे तिच्या जागी ' ही खूण वापरते.

```
P = A·B          (अँड समजून)
Q = (A·P)' = (A·A·B)' = (A·B)'
R = (B·P)' = (B·A·B)' = (A·B)'
D = (Q·R)' = A·B
```

इथे हात थांबला. Q आणि R अगदी सारखे आले. एकच उत्तर काढायला दोन वेगळी गेट कोण कशाला काढेल? त्यात D म्हणजे पुन्हा A·B, जे पहिल्याच गेटवर मिळालं होतं. तीन गेट लावून जिथून निघालो तिथेच परत आलो. परीक्षेत मुद्दाम असं फुगवलेलं सर्किट देतात आणि ते सोपं करायला सांगतात, म्हणून एवढ्यावरून चूक झालीच असं म्हणता येत नव्हतं. पण पुन्हा चित्राकडे जायला एवढी शंका पुरे होती.

मी मैत्रिणीला तोच स्क्रीनशॉट फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितला. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाइल दाबली जात नाही, जशी आहे तशी येते. ती उघडून बाणाच्या टोकाशी झूम केलं, तर बाणाच्या खालून गोलाची अर्धी कड बाहेर आलेली स्पष्ट दिसली. पहिलं गेटही नॅन्डच होतं. P च्या ओळीपासून सगळं खोडलं आणि नव्यानं सुरुवात केली.

```
P = (A·B)'
Q = (A·P)' = A' + P' = A' + A·B = A' + B
R = (B·P)' = B' + P' = B' + A·B = B' + A
D = (Q·R)' = Q' + R' = A·B' + A'·B
```

इथे डी मॉर्गनचा नियम कामाला येतो: गुणाकारावरची रेघ तुटली की गुणाकाराची बेरीज होते. (हे ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ साली आपल्याकडे मदुराईत जन्मले, हे वाचल्यापासून मला हा नियम थोडा जवळचा वाटतो.) वहीत हमखास चूक होते ती रेघेच्या लांबीत. A·B वर एक अखंड रेघ म्हणजे (A·B)', आणि A वर एक व B वर एक अशा दोन तुटक रेघा म्हणजे A'·B'. A=0, B=1 घालून बघा, पहिल्याचं उत्तर १ येतं, दुसऱ्याचं ०. घाईत काढलेल्या रेघेत मध्ये जराशी फट पडली की पुढचं सगळं गणित दुसऱ्याच सर्किटचं होतं. म्हणून मी तेव्हापासून कंस आणि ' हीच खूण वापरते.

D ओळखीचा होता. A आणि B वेगळे असतील तेव्हाच १ देतो, म्हणजे एक्स-ऑर. चार नॅन्ड जोडून एक्स-ऑर होतो हे आम्हाला शिकवलं होतं, पण मी गेट एकेक करून वाचत होते, चारांची घडण एकत्र पाहिलीच नव्हती. ती दिसल्यावर पुढची चार गेटही तशीच दिसली, फक्त A आणि B च्या जागी D आणि C. त्यामुळे तिथलं गणित पुन्हा करावं लागलं नाही.

```
E = (D·C)'
F = (D·E)'
G = (C·E)'
X = (F·G)' = D ⊕ C = A ⊕ B ⊕ C
Y = (E·P)' = E' + P' = D·C + A·B
```

Y मध्ये D ची किंमत घातली की A·B'·C + A'·B·C + A·B मिळतं आणि ते सोपं करून A·B + B·C + C·A होतं.

ट्रुथ टेबल मात्र मी या सोप्या केलेल्या एक्स्प्रेशनवरून भरलं नाही. सोपं करताना चूक झाली असेल तर तीच चूक टेबलातही उतरते आणि दोन्ही एकमेकांशी छान जुळतात. म्हणून टेबल वायरींच्या यादीवरून, एकेक स्तंभ पुरा करत भरलं. आधी P चा अख्खा स्तंभ, मग D, मग E. आडवं, ओळीनं भरत गेलं की प्रत्येक ओळीत नऊ वेगवेगळी गेट डोक्यात ठेवावी लागतात. उभा स्तंभ भरताना एकच गेट आठ वेळा करायचं असतं.

```
A B C | P D E | X Y
0 0 0 | 1 0 1 | 0 0
0 0 1 | 1 0 1 | 1 0
0 1 0 | 1 1 1 | 1 0
0 1 1 | 1 1 0 | 0 1
1 0 0 | 1 1 1 | 1 0
1 0 1 | 1 1 0 | 0 1
1 1 0 | 0 0 1 | 0 1
1 1 1 | 0 0 1 | 1 1
```

Q, R, F, G हे स्तंभ वहीत होते, इथे जागेसाठी गाळले आहेत. शेवटचे दोन स्तंभ Y आधी आणि X नंतर असे वाचले तेव्हा लख्ख प्रकाश पडला. इनपुटमध्ये एकही १ नसेल तर 00, एक असेल तर 01, दोन असतील तर 10, तिन्ही असतील तर 11. हे तीन बिटांची बेरीज करणारं सर्किट होतं, फुल अ‍ॅडर. X म्हणजे बेरीज, Y म्हणजे हातचा. कापलं गेलेलं शीर्षक मला टेबलातून सापडलं.

मग कुतूहलापोटी मी अँड समजून केलेल्या चुकीच्या वाचनाचंही टेबल भरून पाहिलं. X सहा ओळींत चुकला होता, Y पाच ओळींत, आणि दोन्ही बरोबर आहेत अशी एकही ओळ आठांत नव्हती. एका बाणाखाली झाकलेल्या एका गोलामुळे.

रात्री लॅपटॉपवर पायथनमध्ये पडताळणी केली. इथेही सोपं केलेलं एक्स्प्रेशन न देता वायरींची यादीच जशीच्या तशी दिली.

```python
def nand(p, q):
    return 1 - (p & q)

for n in range(8):
    A, B, C = n >> 2, (n >> 1) & 1, n & 1
    P = nand(A, B)
    D = nand(nand(A, P), nand(B, P))
    E = nand(D, C)
    X = nand(nand(D, E), nand(C, E))
    Y = nand(E, P)
    print(A, B, C, X, Y)
```

आधी मी `1 - (p & q)` च्या जागी `~(p & q)` लिहिलं होतं आणि आतल्या वायरी छापून पाहिल्यावर -1, -2 असे आकडे दिसले. पायथनमध्ये `~` ही खूण पूर्ण पूर्णांकातले सगळे बिट उलटवते, आपल्या एका बिटापुरती थांबत नाही. बदल केल्यावर आठही ओळी वहीशी जुळल्या.

पण या पडताळणीची मर्यादाही ध्यानात आली. प्रोग्रॅमला मी पहिलं गेट अँड म्हणून दिलं असतं, तर त्यानं चुकीचं टेबलही तितक्याच बिनचूकपणे छापलं असतं. तो माझं गणित तपासतो, चित्र मी नीट वाचलं की नाही ते तपासत नाही. चित्र वाचण्यातली चूक पकडली ती एका वायरीच्या दोन मालकांनी आणि सारख्या आलेल्या Q आणि R नं.

पुढच्या प्रॅक्टिकलला मी हेच सर्किट ब्रेडबोर्डवर लावलं. एका 7400 आयसीत चार नॅन्ड असतात, म्हणून नऊ गेटना तीन आयसी लागल्या आणि तीन गेट उरली. पिन १४ ला पाच व्होल्ट, पिन ७ ला ग्राउंड. वहीतली वायरींची यादीच समोर ठेवून, जोडलेल्या वायरीसमोर बरोबरची खूण करत गेले. A=1, B=1, C=0 दिल्यावर X चा एलईडी विझलेला राहिला आणि Y चा पेटला. मैत्रिणीनं त्याच स्क्रीनशॉटवरून पहिलं गेट अँड लावलं होतं, तिच्या बोर्डवर याच इनपुटला नेमकं उलट झालं. मी फोन काढला आणि बाणाखालची ती अर्धी कड तिला दाखवली.