भिजलेला रहाट

शूटिंगच्या शेवटच्या दिवशी दुपारी पावणेतीनला पाऊस आला, आणि तो सगळ्यांच्या आधी मला कळला. यात माझं कौतुक काही नाही. मी साउंड रेकॉर्डिस्ट. कानाला हेडफोन आणि बूमचं तोंड आगराकडे. खालच्या पोफळींवर पडायला लागलेली सर खळ्यात पोचायला मिनीटभर घेते, आणि तेवढा वेळ ती फक्त माझ्या कानात वाजत असते. आधी वाटलं, कोणीतरी लांब सुपात तांदूळ पाखडतंय. मग म्हटलं, इतकं मोठं सूप कोणाचं असणार?

“पाऊस,” मी म्हणालो. दिग्दर्शकाने वर बघितलं. आभाळ बऱ्यापैकी निळं होतं. “दादा, तुम्ही पण ना!” तो म्हणाला, आणि त्याच्या कपाळावर पहिला थेंब पडला.

गुहागरच्या बाजूचं गाव, ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. परतीचा पाऊस कोकणात कॉलशीट बघून येत नाही. सकाळी चटके बसतील असं ऊन आणि दुपारनंतर हे. म्हणून सीन सकाळी ठेवा असं मी सुचवलं होतं. पण कॅमेरामनला संध्याकाळचं तिरपं ऊन हवं होतं. प्रकाश आणि आवाज यांचं भांडण झालं की निकाल कोणाच्या बाजूने लागतो, हे सेटवरच्या चहावाल्यालाही माहीत असतं.

सीन साधा होता. बाप विहिरीवर पाणी शेंदतोय. मुलगा मागे येऊन उभा राहतो आणि सांगतो, “आगराचा व्यवहार केला मी.” रहाटाची करकर थांबते. बाप काहीच बोलत नाही. उत्तर द्यायचं ते रहाटाने. असा सीन आमच्या वाट्याला दहा वर्षांतून एकदा येतो. त्या घरचा लाकडी रहाटही असा होता की ऐकत राहावं. वर जाताना एक सूर, अर्ध्या फेऱ्यात जरा अडखळायचा, आणि कळशी काठाला आली की लांब कण्हायचा. अठरा दिवस मी त्याच्यावरून जात होतो आणि रोज म्हणत होतो, शेवटच्या दिवशी सीनबरोबरच नीट घेऊ.

चार वाजेपर्यंत वाट बघितली. बापाचं काम करणाऱ्या काकांचा दुसऱ्या दिवशी पुण्यात नाटकाचा प्रयोग होता, गाडी सातला निघणार होती. शेवटी सीन पडवीत न्यायचं ठरलं. “आवाज नंतर काढता येईल ना पावसाचा?” निर्मात्याने विचारलं. हा प्रश्न मला प्रत्येक सिनेमात एकदा विचारला जातो.

लांबून ट्रक गेला तर त्याची घरघर माणसाच्या आवाजाच्या खाली असते. 80 हर्ट्झच्या खालचं कापून टाकलं की पुष्कळशी जाते, आणि बोलणाऱ्याला खरचटतही नाही. पावसाचं तसं नाही. तो सगळ्या पट्ट्यांत एकदम वाजतो आणि ‘स’, ‘श’, ‘च’ जिथे राहतात नेमका तिथेच बिऱ्हाड करतो. स्टुडिओत घासून थोडा कमी होतो, पण घासताना अक्षरांच्या कडाही जातात आणि माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. शिवाय पाऊस एका तालात पडत नाही. पहिल्या टेकला मुसळधार, तिसऱ्याला रिमझिम. दोन्ही टेक जोडले की वाक्याच्या मध्येच पाऊस उडी मारतो. प्रेक्षकाला काय झालं ते कळत नाही, पण तो सीनमधून बाहेर येतो.

पडवीवर पत्रा होता. पत्र्याखाली संवाद घेणं म्हणजे ढोलात बसून कानगोष्टी करणं. घरच्या काकूंनी न सांगताच ओळखलं आणि मागच्या शेडमधली माडाची झापं काढून दिली. पोरांनी ती पत्र्यावर दोन थरांत टाकली, तसा ताड-ताड आवाज मऊ झाला. काकूंकडूनच मूठभर काथ्या घेतला, विंचरून सैल केला आणि तारेच्या चौकटीवर बसवून माइकच्या वर बोटभर अंतराने बांधला. थेंब काथ्यात फुटतो, झिरपतो, माइकवर टपकत नाही. यासाठी बाहेरून महागडं आवरण मिळतं. ते आमच्याकडे होतं. मुंबईत, गोदामात.

मग सगळ्यांचे रेनकोट उतरवले, कारण त्यांची खसफस पावसापेक्षा वाईट. बूम चार फुटांवरून दोन फुटांवर आणला. अंतर निम्मं केलं की आवाज सहा डेसिबलने चढतो आणि पाऊस मात्र होता तिथेच राहतो. कॅमेऱ्याचा असिस्टंट “फ्रेममध्ये येतोय, फ्रेममध्ये येतोय” करत होता. मी ऐकलं नाही असं दाखवलं. हेडफोनचा तेवढा उपयोग असतो.

दिग्दर्शकाला तोवर नवीन कल्पना सुचली होती. पडवीत एका जागी गळत होतं. रहाट नाही, तर बाप गळतीखाली पातेलं सरकवतो, आणि मुलाचं वाक्य ऐकून हात तसाच राहतो. वाईट नव्हती कल्पना. पण रिकाम्या पातेल्यात थेंब पडला की ‘टण्ण’ वाजतो. तळाला बोटभर पाणी साचलं की ‘टुप्’, आणि अर्धं भरलं की नुसता ‘बुळुक’. तीन टेकमध्ये तीन वेगळी पातेली ऐकू येणार. म्हणून तळाला फडकं घातलं, थेंब मुका केला आणि संवाद घेतला. नंतर फडकं काढून तेच पातेलं रिकामं असल्यापासून भरेपर्यंत एकट्याचं रेकॉर्ड केलं. बावीस मिनिटं. एवढा वेळ एका पातेल्याला माइक लावून बसलेला मी बघून काकूंनी घरात काय सांगितलं असेल ते त्यांनाच ठाऊक.

तिसरा टेक ओके झाला. तरी मी दोघांना धान्याच्या खोलीत नेलं, तांदळाच्या पोत्यांच्या मध्ये बसवलं, दाराला गोधड्या लावल्या आणि कॅमेऱ्याशिवाय तोच संवाद तीनदा घेतला. डबिंग होईल ते महिन्याने, एसीत, चहा पिऊन. आत्ता काकांचा सदरा ओला होता आणि मुलाचा श्वास अजून वर होता. अंधारात काकांनी एकही शब्द न बोलता तीनदा तो सीन केला. त्यांच्या वाट्याला शब्दच नव्हता. नाकातून सोडलेला एक श्वास होता, तो तिन्ही वेळा वेगळा आला.

साडेसहाला पॅकअप. पावणेसातला पाऊस थांबला, तो थांबणारच होता. सगळे फोटो काढायला जमले आणि मी रेकॉर्डर घेऊन विहिरीवर गेलो. पन्हाळी ठिबकत होती, बेडूक सुरू झाले होते, पण जवळून घेतलं तर चालण्यासारखं होतं. माइक कण्याजवळ धरला आणि एका पोराला म्हटलं, ओढ.

कळशी वर आली. रहाट पूर्ण फिरला, आणि एक अक्षर बोलला नाही. पुन्हा सोडली, पुन्हा ओढली. अर्ध्या फेऱ्यात अडखळला फक्त, पण तोही मुकाट. हेडफोनमध्ये दोरीवरून गळणारं पाणी तेवढं ऐकू येत होतं.

काकू बॅटरी घेऊन मागे उभ्या होत्या. “भिजला ना तो,” त्या म्हणाल्या, “आता नाही करकरायचा. पावसाळाभर असाच असतो. दिवाळीनंतर लाकूड वाळतं, तेव्हा या.”