आमची वाटचाल : पंचवीसातून वीस गेले की पाच उरत नाहीत

सोलापूरच्या नवी पेठेतलं आमचं चादर-टॉवेलचं दुकान आमचे हे आणि अण्णा यांनी भागीत सुरू केलं. अण्णा मागावर वाढलेले. चादर हातात घेतली की किती काउंटचं सूत, ताणा कसा, बाणा कसा, रंग धुण्यात टिकेल की नाही, हे बोटांनी सांगायचे. खरेदी त्यांची, बाहेरची वसुली यांची आणि गल्ला, रोजमेळ, खतावणी माझी. पहिल्या वर्षांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. गड्ड्याच्या यात्रेला गर्दी, दिवाळीला गर्दी, पावसाळ्यात सामसूम, सगळ्या पेठेसारखंच.

दर लावायची आमची रीत बाजाराचीच होती. कारखान्याचं बिल, त्यात टेम्पोभाडं, हमाली आणि पॅकिंग मिळवायचं की पडता निघतो. त्या पडत्यावर पाव चढवायचा. डबल बेडची जेकार्ड चादर ४८० ला पडली तर १२० चढवून ६०० चं लेबल. याला सगळे ‘पंचवीस टक्के नफा’ म्हणायचे, आजही म्हणतात. पण ते पंचवीस खरेदीचे आहेत. ६०० च्या विक्रीत १२० म्हणजे वीसच टक्के. दुकानाचं भाडं, पोरांचे पगार, वीज, चहापाणी हे सगळं विक्रीच्या पैशातून जातं, म्हणून नफाही विक्रीशीच ताडून बघायला हवा. चांगले दिवस होते तोवर या फरकाने कुणाचं काही बिघडलं नाही.

मग समोर एक नवं दुकान उघडलं. नाव लिहीत नाही. काचेचं दार, आत एसी आणि बाहेर हातभर अक्षरांत ‘सर्व मालावर २० टक्के सूट’. आमचा पोऱ्या दार उघडून उभा आणि गिऱ्हाईक रस्ता ओलांडून पलीकडे. वर त्यांची माणसं आमच्या गिऱ्हाइकाला ‘तिकडचा माल जुना आहे’ असं सांगायची. आमचा माल आठवड्याला ताजा यायचा, सूत आम्ही स्वतः बघून घ्यायचो. ते बोलणं मी विसरलेले नाही.

अण्णांनी ठरवलं, आपणही पाटी लावायची. त्यांचा हिशेब असा होता : ‘वहिनी, आपण पंचवीस चढवतो, वीस सोडले तरी पाच उरतात. माल दीडपट खपला की सगळं निघून येतं.’ मला तो पाच तेव्हाही पटला नव्हता. बिलाच्या पाठीमागे मी त्यांना मांडून दाखवलं : ६०० चे वीस टक्के १२०. ६०० तून १२० गेले की राहिले ४८०. पडता ४८०. पाच कुठे आहेत? चढवताना टक्के ४८० वर धरले, सोडताना ६०० वर. दोन वेगळ्या आकड्यांचे टक्के एकमेकांतून वजा होत नाहीत. अण्णा म्हणाले, सगळी पेठ असंच करते. पाटी लागली.

पुढे जे झालं ते सविस्तर सांगते, कारण असं बुडताना दुकान बुडतंय असं दिसतच नाही. पाटीच्या आधी आमची महिन्याची विक्री साधारण ५ लाख होती. त्यात वीस टक्क्यांनी १ लाख सुटायचे, ७५ हजार खर्चाला जायचे, २५ हजार हातात राहायचे. पाटीनंतर माल खरोखर दीडपट खपला. नग दीडपट, पण दर ६०० ऐवजी ४८०, म्हणून विक्री ६ लाख. रोज संध्याकाळी गल्ला आधीपेक्षा जड. सगळे खूश. पण ६ लाखांची विक्री आणि त्या मालाचा पडताही ६ लाखच. सुटले शून्य. ७५ हजारांचा खर्च मात्र तसाच, उलट गर्दीला पुरे पडायला एक पोरगा जास्तीचा.

मग तो खर्च भागत कशातून होता? कारखानदाराच्या उधारीतून. माल आज यायचा, पैसे दीड-दोन महिन्यांनी द्यायचे, तोवर विक्रीचे पैसे आपलेच वाटतात. पगार त्यातून गेले, भाडं त्यातून गेलं. दिवाळीनंतर विक्री उतरली आणि बिलं एकदम अंगावर आली, तेव्हा बँकेत देणं भागेल एवढं नव्हतं. एका कारखानदाराने माल बंद केला. माझ्या पाटल्या गेल्या. अण्णांनी गावाकडचं शेत गहाण टाकलं आणि त्याबद्दल एक शब्द कधी बोलले नाहीत. असा भागीदार मिळणं भाग्याचं.

समोरचा मात्र बुडाला नाही. का, ते मी त्यांच्याकडची चादर विकत आणवून बघितलं. आमच्याच कारखान्याचा, त्याच नक्षीचा माल. लेबल ८०० चं, सूट जाऊन ६४०. पडता आमच्याइतकाच, ४८० धरला, तर १६० सुटतात, म्हणजे विक्रीवर पंचवीस टक्के. आमच्या मूळ ६०० पेक्षा चाळीस रुपये महाग विकून वर सूट दिल्याचं नाव. ६०० ला प्रामाणिकपणे विकणारे आम्ही, आणि महागडे म्हणून बोलबाला आमचाच. आजही तो विषय निघाला की माझा आवाज चढतो.

त्या दिवसांत अक्कलकोटच्या एका लॉजवाल्या काकूंनी आम्हाला धरून ठेवलं. दर हंगामाला त्यांच्याकडे टॉवेल जायचे. त्यांनी दोन हंगामांचे पैसे आगाऊ दिले आणि घासाघीस केली नाही. पुढे सगळं सुरळीत झाल्यावर त्यांना दहा टक्के सूट द्यायचं मीच ठरवलं, पण हिशेब करून. टॉवेल ९० ला पडायचा, विकायचो १२० ला, तीस सुटायचे. दहा टक्के सोडले की १०८, सुटतात अठरा. दर दहा टक्क्यांनी कमी झाला, पण नफा तिसातून अठरावर आला. तेवढेच पैसे मिळवायला तीन टॉवेलांच्या जागी पाच जायला हवेत. काकूंकडे ते जातात, एकगठ्ठा, रोखीने, उलगडून दाखवायचे कष्ट न घेता. म्हणून त्यांना सूट देणं आम्हाला परवडतं. एक टॉवेल घेणाऱ्याला तीच सूट देणं परवडत नाही.

पाटी काढल्यावर दराचं काम माझ्याकडे आलं. मी अण्णांना अपूर्णांकात शिकवलं, कारण त्यांना टक्क्यांपेक्षा पाव आणि तिसरा हिस्सा जवळचा. खरेदीवर पाव चढवला तर विक्रीत पाचवा हिस्सा सुटतो. तिसरा हिस्सा चढवला तर विक्रीत पाव. निम्मा चढवला तर विक्रीत तिसरा. दुप्पट केलं तर विक्रीत निम्मा. खालचा आकडा एकाने वाढतो, बस. उलटही तसंच : विक्रीत पाव हवा असेल तर खरेदीवर तिसरा हिस्सा चढवा, पाव नव्हे.

मधले टक्के असतील तर भागाकार करावा. आमचा खर्च विक्रीच्या पंधरा टक्के. दहा टक्के आम्हाला हवेत. घासाघिशीला पाच. झाले तीस. म्हणजे विक्रीच्या शंभरात पडता सत्तर बसला पाहिजे. म्हणून ४८० ला ०.७० ने भागायचं : ६८५ रुपये ७१ पैसे. ४८० वर तीस टक्के चढवले असते तर ६२४ च आले असते. दर चादरीमागे एकसष्ट-बासष्ट रुपयांचा फरक आहे. विक्रीवर टक्के धरण्याचा आणखी एक फायदा म्हणजे सूटही विक्रीवरच असते. लेबलातले तीस आणि सुटीतले पाच एकाच आकड्याचे टक्के आहेत, ते खुशाल वजा करा.

माझ्या टेबलावरच्या कॅल्क्युलेटरला MU नावाचं बटण आहे. बहुतेक दुकानदार ते कधी दाबत नाहीत. ४८०, भागाकाराचं चिन्ह, ३०, आणि MU दाबलं की तोच ६८५.७१ येतो. आकडे पुसले गेलेत, पण हा कॅल्क्युलेटर मी बदलू देत नाही. बिलिंगचं सॉफ्टवेअर घेताना मात्र सावध राहा. ‘नफा टक्के’ असं लिहिलेल्या रकान्यात ते खरेदीवरचे धरतं की विक्रीवरचे, हे पडद्यावर कळत नाही. १०० रुपयांची खोटी वस्तू घालून २५ लिहा. दर १२५ आला तर खरेदीवरचे, १३३.३३ आला तर विक्रीवरचे. विकणारा माणूस काय सांगतो त्यावर जाऊ नका. आमच्याकडे आलेल्यालाच ते माहीत नव्हतं.

२०१७ साली जीएसटी आला, तेव्हा पेठेत पुन्हा हाच घोळ झाला. लेबल ६०० चंच ठेवून लोक म्हणाले, कर यातच. आता पाच टक्के कर काढायला ६०० ला १.०५ ने भागलं की आपले राहतात ५७१ रुपये ४३ पैसे. खरेदीवरचा कर परत मिळतो म्हणून पडता ४८० च धरला, तरी सुटतात ९१ रुपये आणि नफा विसाचा सोळावर येतो. कर सरकारचा आहे, तो आपल्या विक्रीत मोजायचा नाही. म्हणून आधी कर सोडून दर काढायचा, मग कर चढवायचा. वरच्या चादरीचे ६९० धरले तर कर मिळवून लेबल ७२५ चं. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर खरेदीवरचा कर परत मिळत नाही, तेव्हा तो पडत्यात धरा.

लेबलावर तीस लिहिले म्हणून तीस सुटतातच असं नाही. मार्चअखेर माल मोजल्याशिवाय ते कळत नाही. समजा सुरुवातीला ९ लाखांचा माल, वर्षात खरेदी ४१ लाख, शेवटी उरला ८ लाखांचा. म्हणजे विकला गेला ४२ लाखांचा. कर सोडून विक्री ५६ लाख असेल तर सुटले १४ लाख, पंचवीस टक्के. तिसातले पाच कुठे गेले, हे शोधायचं. काही सुटीत गेले असतील, काही चुकीच्या लेबलात, काही चोरीत. उरलेला माल मोजताना घडीवर उन्हाने फिकी पडलेली चादर पूर्ण पडत्याला धरू नका. ती निम्म्यालाच जाणार असेल तर निम्म्यालाच मोजा, नाहीतर न मिळालेला नफा वहीत दिसतो आणि पुढच्या वर्षी तो खड्डा बाहेर येतो. मोजणीच्या दिवशी आम्ही दुकान बंद ठेवतो, आणि अण्णा अजूनही येऊन प्रत्येक गठ्ठ्याला हात लावून बघतात.