तुम्ही विचारलंत म्हणून: ऑलवेज नेमकं कुठे?

"मॅडम, ऑलवेज, सेल्डम, नेव्हर हे क्रियापदाच्या आधी लिहायचे की नंतर? एका ओळीत सांगा ना, दरवेळी एवढे फाटे का फोडता?"

एका ओळीतच सांगायचे मी, कित्येक वर्षं. ॲम-इज-आर असेल तर त्याच्यानंतर, बाकी क्रियापदांच्या आधी. ही इज ऑलवेज लेट, ही ऑलवेज कम्स लेट. फळ्यावर लिहायचे, मुलं उतरवून घ्यायची, पेपरात मार्क पडायचे. ओळ खोटी नाहीये, आजही त्या दोन वाक्यांना ती लागू आहे. पण तिच्यात 'डझन्ट'चा उल्लेखच नाही, आणि तिथेच माझा घात झाला.

माझ्या हाताखाली तीन वर्षं काम केलेल्या एका मुलीने दुसरीकडे अर्ज केला, त्यासाठी शिफारसपत्र मी लिहिलं. मनापासून लिहिलं, तिचं काम उत्तमच होतं. फक्त प्रामाणिकपणे एक वाक्य घालावंसं वाटलं की ती कधीकधी वेळेत काम संपवत नाही पण जे देते ते चोख असतं. डोक्यात मराठी वाक्य होतं, 'ती नेहमी वेळेत काम संपवत नाही', आणि हातून उतरलं 'शी ऑलवेज डझन्ट फिनिश ऑन टाइम'. चार दिवसांनी तिथून फोन आला. बाई सभ्यपणे बोलत होत्या, पण प्रश्न सरळ होता: "ती एकदाही वेळेत काम देत नसेल तर तुम्ही तिला तीन वर्षं ठेवलीत कशी?"

मला आधी कळेचना त्या काय म्हणतायत. मी म्हटलं, अहो तसं नाही लिहिलेलं मी. त्यांनी वाक्य वाचून दाखवलं. तेव्हा कळलं.

मराठीत 'नाही' शेवटी असतं आणि 'नेहमी' त्याच्या बरंच आधी, त्यामुळे 'नेहमी संपवत नाही' याचे दोन अर्थ निघतात: दरवेळी संपवतेच असं नाही, किंवा दरवेळी राहूनच जातं. बोलताना 'नेहमी'वर जोर दिला की ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. इंग्रजीत हे काम शब्दाची जागा करते. जे आधी येतं ते नंतरच्यावर लागू होतं. 'डझन्ट ऑलवेज फिनिश' म्हणजे आधी नकार, मग नेहमी, म्हणून 'नेहमीच असं नाही'. 'ऑलवेज डझन्ट फिनिश' म्हणजे नेहमीच नकार, जवळजवळ 'नेव्हर'च. मी माझाच नियम पाळत होते, ऑलवेज क्रियापदाच्या आधी टाकत होते, फक्त 'डझन्ट फिनिश' हे अख्खं एकच क्रियापद धरलं, कारण मराठीत 'संपवत नाही' मला एकसंध वाटतं.

सुधारलेलं पत्र त्याच दिवशी पाठवलं. जागा दुसऱ्या कुणाला गेली. त्या वाक्यामुळेच गेली असं मी ठामपणे म्हणू शकत नाही, आणि नाही असंही म्हणू शकत नाही. तिला मी सगळं सांगितलं. ती "जाऊ दे मॅडम" म्हणाली, ते जास्त लागलं.

तेव्हापासून मी फाटे फोडते. पहिल्या सहायक क्रियापदानंतर लिहा, असं सांगते: शी हॅज नेव्हर बीन लेट, ही वुड नेव्हर हॅव लेफ्ट. नकाराचं वाक्य असेल तर आधी मराठीत 'नेहमीच असं नाही' घालून बघा, जुळलं तर ऑलवेज डझन्टच्या नंतर. 'कधीच नाही' म्हणायचं असेल तर नेव्हर लिहा आणि डझन्ट काढून टाका, कारण नेव्हरच्या पोटातच 'नाही' आहे. सेल्डमच्याही, म्हणून 'सेल्डम डझन्ट' लिहिलंत तर 'क्वचितच येत नाही', म्हणजे बहुतेक वेळा येतो, असा उलटाच अर्थ होतो.

पूर्वीची मी इथे लगेच वाद घालते, की नवशिक्याला एवढं सांगितलं तर तो तोंडच उघडणार नाही. खरं आहे. आणि गंमत बघा, मला पत्रात जे म्हणायचं होतं ते 'शी समटाइम्स डझन्ट फिनिश' असंही बरोबर झालं असतं, म्हणजे समटाइम्स डझन्टच्या आधी चालतं, आणि ऑलवेज त्याच जागी बसवलं की अर्थ पार फिरतो. हे एका ओळीत कसं बसवू? 'पहिल्या सहायकानंतर' हेही कुठे शेवटपर्यंत टिकतं? आर यू ऑन टाइम असं कुणी विचारलं तर उत्तर 'आय ऑलवेज ॲम' असतं, 'आय ॲम ऑलवेज' म्हणून तिथेच थांबलात तर वाक्य लटकतं, कारण पुढचं सगळं गाळल्यावर जोर ॲमवर येतो आणि ऑलवेज त्याच्या आधी सरकतं.

नवीन बॅचला पहिल्या दिवशी मी अजूनही जुनी ओळच लिहिते. 'डझन्ट'चं दुसऱ्या आठवड्यात सांगते, आणि मधले सात दिवस मला चुकल्यासारखं वाटत राहतं. तुम्ही मात्र वाक्यात 'नाही' असेल तर ते मला नुसतं पाठवू नका, मराठीत नेमका कुठला अर्थ हवाय तेही खाली लिहा.