बाईकचा स्टँड

गुरुवार, दुपारी अडीच. मावशीचं घर, साखळी, गोवा.

ही वही आता मावशीच्या कपाटात साड्यांखाली असते. घरी ती ठेवायची नाही, असं ठरवलंय. सानू आतल्या खोलीत झोपलीय, तेवढ्यात लिहून घेते.

आधी चवथीच्या आदल्या संध्याकाळचं. नवरा स्टुलावर चढून गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधत होता. सुपारीचा घड सुटून खाली पडला. "गाठ सैल राहिली वाटतं," मी एवढंच म्हटलं. तो खाली उतरला, माझ्याकडे न बघता स्वयंपाकघरात गेला, आणि आईने दिलेली लोणच्याची काचेची बरणी फुटल्याचा आवाज आला. मग ओरडणं. मी काहीच करत नाही, मला फक्त चुका दिसतात, या घरात त्याला किंमत नाही. शब्द नेहमीचेच. तेवढ्यात फाटक करकरलं, त्याचा भाऊ आणि दोन मित्र आले. मिनिटभरात तो बाहेर गेला आणि "या, या, माटोळी बघा कशी जमलीय" म्हणून हसत बोलू लागला. आत मी तेलातल्या काचा वेचत होते.

ते एक मिनिट माझ्या डोक्यातून जात नाही. "मला राग आवरत नाही, डोक्यात रक्त चढतं," असं तो म्हणतो आणि मी ते खरं धरून चालले होते. पण फाटकाच्या आवाजाने तो राग आवरला.

जूनपासून वहीत अकरा नोंदी आहेत. काल पहिल्यांदा त्या सलग वाचल्या. फुटलं काय, तर माझी बरणी, मिक्सरचं झाकण, सानूची पाण्याची बाटली. कपाटाचं दार निखळलं, तेही मी समोर उभी असताना, माझ्या कानाजवळ आपटून. त्याचा मोबाईल दर वेळी त्याच्या हातातच होता, तो एकदाही फेकला गेला नाही. हेल्मेट नाही, बाईक नाही. सातव्या नोंदीत लिहिलंय की मध्येच सुपरवायझरचा फोन आला, त्याचा आवाज मऊ झाला, "हो सर, येतो सर", आणि फोन ठेवल्यावर जिथे सोडलं होतं तिथूनच ओरडणं सुरू झालं.

त्याला ताण आहे, हे मी नाकारत नाही. वेर्ण्याच्या कारखान्यात दर आठवड्याला पाळी बदलते, झोप होत नाही, घराचं कर्ज आहे. म्हणूनच दोन वर्षं मी "दमलाय बिचारा" म्हणत राहिले. पण ताणाखालचा माणूस मी लहानपणापासून पाहिलाय.

2012 मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा बाबांचे दोन टिपर अंगणात उभे राहिले. पुन्हा सुरू झालं म्हणेपर्यंत 2018 च्या मार्चमध्ये परत सगळं थांबलं. बँकेचे हप्ते थांबले नाहीत. बाबा ओरडायचे. एकदा ताट सरकवून जेवता जेवता उठले होते. पण आई त्यांना तिथल्या तिथे सुनवायची, "माझ्यावर कशाला ओरडता, खाण मी बंद केली का?" आणि बाबा गप्प होऊन सोप्यावर जाऊन बसायचे. थोड्या वेळाने स्वतःच येऊन ताट घासायला घ्यायचे. बँकेच्या माणसासमोरही त्यांचा आवाज चढायचा, मुकादमासमोरही. राग सगळीकडे सारखाच सांडायचा. आम्ही भावंडं त्यांच्या काळजीत असायचो, पण त्यांना भीत नव्हतो. आईने आपलं बोलणं कधी गिळलं नाही.

मी माझं गिळते. बहिणीचा फोन तो घरी असताना घेत नाही. वीजबिल आलं की ते दाखवायची वेळ शोधते. महिला मंडळाची भिशी सोडली, कारण परतायला साडेसात व्हायचे. यातलं काहीही त्याने "करू नकोस" म्हणून सांगितलेलं नाही. त्याच्या मनःस्थितीचा अंदाज घेत घेत मीच एकेक गोष्ट कमी करत आले.

आणि सानू. सहा वर्षांची आहे. बाईकचा स्टँड खाली टेकल्याचा आवाज आला की ती टीव्हीचा आवाज कमी करते आणि खडू डब्यात भरते. कोणीही शिकवलं नाही. परवा बाहुलीला सांगत होती, "गप रे, पप्पा आयले."

गेल्या रविवारी सकाळी तो चहा पीत शांत बसला होता, तेव्हा मी बोलले. आरोप केला नाही. "तू वस्तू आपटतोस तेव्हा मला आणि सानूला भीती वाटते," एवढंच. मला वाटलं होतं, वाईट वाटेल त्याला. तो ओरडला नाही. उठून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, दोन्ही हात चौकटीला लावून, आणि हळू आवाजात म्हणाला, "भीती? अजून तू काही बघितलंच नाहीस." पाच-सात मिनिटं तो तिथून हलला नाही. मला बाहेर जाता येत नव्हतं. बरणी फुटली त्या दिवशीपेक्षा मी जास्त घाबरले.

हे मावशीला सांगितलं. ती सरकारी इस्पितळात नर्स होती, अशा बायका तिने पाहिल्यात. तिने आधी विचारलं, "गळ्याला कधी हात लावलाय?" नाही. "जीव घेईन, जीव देईन, असं म्हणतो?" एकदा म्हणाला होता, स्वतःबद्दल. तिने ते वहीत तारखेसह लिहायला लावलं. गळा दाबलेल्या बाईच्या अंगावर कधी कधी खूणही नसते, पण पुढचा धोका तिथे सगळ्यात मोठा असतो. तसं झालं तर त्याच दिवशी घर सोडायचं आणि 112 लावायचा, म्हणाली. शिवाय त्याच्याशी एकटीने पुन्हा असं बोलायचं नाही.

मी म्हटलं, दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जावं का? ती नको म्हणाली. भीती असलेल्या घरात बाई तिथे खरं बोलली तर त्याची वसुली घरी होते. आधी मी एकटीने जायचं. त्याला राग बदलायचाच असेल, तर त्याने आपल्या पायाने वेगळं जावं.

मला वाटत होतं, मारलं नाही तर कायद्यात काही बसत नाही. कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा मी काल वाचला. मारहाणीसोबत धमकी, अपमान, मानसिक छळ, पैशांची अडवणूक हे सगळं त्यात हिंसा म्हणूनच धरलंय. अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे जातो, संरक्षण अधिकारी तो करायला मदत करतात, आणि पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागते. ज्या घरात राहते तिथे राहायचा हक्क मला आहे, घर त्याच्या नावावर असलं तरी. हे वाक्य मी दोनदा वाचलं.

अर्ज करेनच असं अजून ठरलेलं नाही. काल 181 या महिला हेल्पलाइनवर मावशीच्या फोनवरून बोलले. फोनवरच्या बाईंनी घाई केली नाही. सानूचा जन्मदाखला, आधार, माझं पासबुक आणि थोडे पैसे मावशीकडे आणून ठेवलेत. संरक्षण अधिकाऱ्यांना भेटायचं आहे सोमवारी सकाळी दहाला, तो सकाळच्या पाळीला असेल तेव्हा. मावशी बरोबर येणार आहे.

साडेतीन वाजले. सानू उठली, खडू मागतेय. इथे तिने ते सगळ्या पडवीभर पसरून ठेवलेत.